आधी आकार की आधी पटल?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मचित्रातलं अंगक आकारावरून ओळखायचं की पटलं मोजून, असं भाचीने विचारलं. तिच्या सराव प्रश्नात केंद्रकाशेजारी एक गोल ठिपका होता. तिने तो लायसोसोम ठरवला होता.

वेळ पाहिला तर आकार जिंकतो, एका नजरेत काम होतं. पण तो फसवतो. छेद जेमतेम ७० नॅनोमीटर जाडीचा असतो. लांबट मायटोकॉन्ड्रिया आडवा कापला गेला की गोलच दिसतो, काकडीच्या चकतीसारखा. भाचीचा ठिपका १२ मिलिमीटर होता आणि १ मायक्रोमीटरची मापरेषा २० मिलिमीटर. म्हणजे तो ०.६ मायक्रोमीटर. या मापाचे लायसोसोमही असतात, त्यामुळे मापाने निकाल लागेना. कडेला मात्र दोन समांतर रेषा होत्या, आणि आतली रेषा घड्या घालत आत शिरलेली. लायसोसोमला पटल एकच असतं. हा मायटोकॉन्ड्रियाच. ‘कारण द्या’ म्हटलं की हेच लिहायचं. ‘गोल दिसतो’ हे कारण पुरत नाही.

पटल पाहण्यालाही मर्यादा आहे. विशालन कमी असेल किंवा छेद तिरका गेला असेल, तर दोन पटलं एकच धूसर रेषा होतात. मग आतल्या घड्या शोधायच्या.

गोल, अंडाकृती अंगकांसाठी आधी पटल पाहा. गॉल्जी आणि आंतर्द्रव्यजालिका या दोघांनाही पटल एकेरीच, तिथे आकाराकडे वळा: एकमेकांवर रचलेल्या चपट्या पिशव्या आणि भोवती पुटिका दिसल्या तर गॉल्जी.