ऑफ तास कशावर लावावेत: वही, शीट की सॉफ्टवेअर?

सकाळी मस्टरवर तीन सह्या नाहीत आणि परिपाठाला दहा मिनिटं उरली आहेत, हे चित्र प्रत्येक पर्यवेक्षकाच्या ओळखीचं आहे. गैरहजर शिक्षकांच्या वर्गांवर मोकळ्या शिक्षकांना पाठवायचे, म्हणजे ऑफ तास लावायचे, तीन मार्ग आमच्या शाळेत आलटून पालटून वापरून झाले आहेत. तुम्ही यातलं काही निवडायच्या विचारात असाल, तर माझा अनुभव कामी यावा.

वहीची एक गोष्ट अजून कशालाच साधलेली नाही. शिपाई वही घेऊन फिरतो, ज्यांना तास लागला ते सही करतात आणि ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हा प्रश्न तिथेच मिटतो. अडचण तास लावताना येते. या महिन्यात कुणाला किती ऑफ तास गेले हे मागची पानं चाळल्याशिवाय कळत नाही आणि सकाळी तेवढी सवड नसते. मग समोर दिसेल त्याला किंवा नाही न म्हणणाऱ्याला तास जातो. महिनाअखेरीस शिक्षक खोलीत जी नाराजी असते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

सॉफ्टवेअर ही मोजणी चोख करतं. वेळापत्रक आधीच भरलेलं असतं, गैरहजरांची नावं टाकली की पूर्ण दिवसाची वाटणी तयार. मला मात्र एका गोष्टीने फार छळलं. रजेचे सगळे निरोप शाळा भरायच्या आत येत नाहीत. परिपाठ चालू असताना चौथा फोन येतो, कुणाचं तरी मूल तापलेलं असतं. ते नाव टाकलं की आमच्याकडचं सॉफ्टवेअर आधीची वाटणीसुद्धा नव्याने मांडायचं. पहिल्या यादीप्रमाणे एक बाई आठवी अ वर पोहोचलेल्या असायच्या, नव्या यादीत तिथे दुसऱ्या सरांचं नाव यायचं. परिणामी एका वर्गात दोन शिक्षक आणि शेजारचा वर्ग मोकळा. झालेली वाटणी पक्की करायची सोय त्यात होती, पण प्रत्येक तासिकेला वेगळी. धावपळीत एखादी राहूनच जायची. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कदाचित असं होत नसेल. घेण्याआधी मुद्दाम उशिरा एक नाव टाकून बघा.

त्यामुळे आता मी गुगल शीटवर आहे. एका पानावर वेळापत्रक, ओळीत शिक्षक आणि रकान्यात ‘गुरु-५’ अशा तासिका. रिकामा चौकोन म्हणजे मोकळा शिक्षक. ‘नोंद’ नावाच्या दुसऱ्या पानावर तारीख, तासिका, वर्ग, शिक्षक आणि प्रकार. चालू महिन्याची बेरीज वेळापत्रकाच्या पानावरच, नावाच्या ओळीत दिसते:

```
=COUNTIFS('नोंद'!D:D,A2,'नोंद'!E:E,"ऑफ",'नोंद'!A:A,">="&EOMONTH(TODAY(),-1)+1)
```

‘प्रकार’ हा रकाना गाळू नका. भूगोलाच्या सरांनी गणिताच्या तासाला आपला भूगोल घेतला आणि गणिताचे सर दुसऱ्या दिवशी तो तास परत घेणार असतील, तर ती अदलाबदल झाली. ती ऑफ तासात मोजली तर हिशेब बिघडतो.

एक उदाहरण घेऊ. गुरुवारी पाचव्या तासिकेला नववी ब मोकळी आहे, गणिताचे सर रजेवर आहेत. त्या वेळी तिघे मोकळे. हिंदीच्या बाईंचे महिन्यात दोनच ऑफ तास झालेत, चित्रकलेच्या सरांचे सात, भूगोलाच्या सरांचे चार. नुसती बेरीज पाहिली तर तास बाईंना जातो. पण गुरुवारी बाईंना आठपैकी सात तासिका आहेत आणि पाचवी हीच त्यांची एकमेव मोकळी तासिका. ती घेतली तर मधली सुट्टी सोडून दिवसभर त्यांना बसायला मिळणार नाही. म्हणून आधी दिवसातली शेवटची मोकळी तासिका असलेल्यांना वगळायचं, मग त्या वर्गाला शिकवणारा कुणी आहे का पाहायचं आणि बेरीज त्यानंतर. भूगोलाचे सर नववी ब ला शिकवतात, तास त्यांना. ते नुसती शांतता राखत बसणार नाहीत, धडा पुढे नेतील.

उशिरा फोन आला तर शीटमध्ये एक ओळ वाढते, आधीच्या ओळींना धक्का लागत नाही. उणीव सहीची आहे. त्यासाठी मी दिवसाची यादी छापून शिपायाबरोबर फिरवतो आणि तो कागद फाइलला लावतो. उशिराची ओळ त्याच कागदावर हाताने लिहितो.

दहा-बारा शिक्षकांच्या शाळेत वही पुरेशी आहे, कोण किती दमलंय ते तिथे रोज दिसतं. दोन सत्रं आणि साठ-सत्तर शिक्षक असतील तर शीट अपुरी पडू शकते, तिथे सॉफ्टवेअरचा विचार जरूर करा. मधल्या आकाराच्या शाळेने मात्र पैसे खर्च करण्याआधी एक सत्र शीट चालवून पाहावी. ‘नोंद’ पानावर लिहिण्याचा अधिकार फक्त पर्यवेक्षकाकडे ठेवा, पाहण्याचा मात्र सगळ्यांना द्या. आपली आणि शेजारच्याची बेरीज रोज डोळ्यासमोर असली की ‘माझ्याकडेच का’ असं विचारायला येणारे खूप कमी होतात.