अर्ज दिला वॉर्डच्या जागेसाठी, आणि माझं रजिस्ट्रेशन लागलं दुसऱ्याच कोणाच्या नाईट ड्युटीवर

इंदूर, देवास, महू, उज्जैन इकडे जितक्या सिस्टर लोक नोकरी शोधताहेत त्यांनी हे पूर्ण वाचा. यात माझा एक रुपयाही गेला नाही, म्हणूनच ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही.

मी जीएनएम आहे, ट्रेनिंग महाराष्ट्रात झालं, लग्नानंतर इकडे आले तेव्हा तिथल्या कौन्सिलकडून एनओसी घेऊन भोपाळच्या कौन्सिलमध्ये रजिस्ट्रेशन करून घेतलं, आणि ते करताना किती कागद आणि किती चकरा लागतात ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. मेडिसिन वॉर्ड आणि पोस्ट-ऑप, दोन्हीकडचा अनुभव आहे. जिथे होते तिथे नाईट फार लागायच्या आणि सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं होतं म्हणून घराजवळ काही बघत होते. अशात कळलं की एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये (नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे) नवीन वॉर्ड उघडतोय आणि स्टाफ घेताहेत, थेट अॅडमिनिस्ट्रेटरला भेटा.

अर्ज मी व्यवस्थित लिहिला होता. कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, रिन्यूअल कधीपर्यंत आहे ते, एनयूआयडी, कुठे किती वर्षं कोणत्या वॉर्डात काम केलं, आणि शेवटी शिफ्टचं स्पष्ट लिहिलं की मॉर्निंग आणि ईव्हिनिंग कोणत्याही दिवशी चालेल, नाईट आठवड्यातून जास्तीत जास्त दोन, आणि सध्याच्या ठिकाणी नोटीस पीरियड आहे म्हणून एक महिन्यानंतर जॉईन करू शकेन.

अॅडमिनिस्ट्रेटर सर बोलायला फार गोड होते, ताई ताई म्हणत होते. अर्ज वरवर बघितला आणि सरळ सर्टिफिकेटवर आले, रिन्यूअलची तारीख दोनदा वाचली, मग म्हणाले सगळ्याचे दोन सेट द्या, चार फोटो द्या, आधार द्या, आणि हे एक सहमतीपत्र आहे यावर सही करा. त्यात होतं की मी या संस्थेत स्टाफ नर्स म्हणून पूर्णवेळ काम करण्यास सहमत आहे. तारखेची जागा रिकामी. मी विचारलं तारीख कोणती टाकू, तर म्हणाले राहू द्या, जॉइनिंगच्या दिवशी टाकू, आत्ता फाईल मॅनेजमेंटकडे पाठवायची आहे. असं पत्र बऱ्याच ठिकाणी खरोखर मागतात, विशेषतः इन्स्पेक्शन जवळ आलं की, त्यामुळे ते ऐकून कुणालाच वावगं वाटणार नाही.

पण त्या भेटीत काय झालं नाही ते सांगते, कारण ओळखायची खूण तिथे आहे. मेट्रन मॅडम आल्या नाहीत. कुठलाही खरा वॉर्ड भरायचा असेल तर नर्सिंगकडचं कोणीतरी बसतंच, मेट्रन नाहीतर वॉर्ड इन्चार्ज, आणि दोन प्रश्न कामाचे विचारतातच, की इन्सुलिन इन्फ्युजन लावलंयस का, पेशंट अचानक घामाघूम झाला, बीपी पडलं तर आधी काय करशील, ड्रिप रेट काढून दाखव. इथे काहीच नाही. वॉर्ड दाखवला नाही, किती बेड आहेत सांगितलं नाही. आणि शिफ्टबद्दल तर एक शब्द नाही! ज्याला ड्युटी लावायची असते तो सगळ्यात आधी शिफ्टवरच घासाघीस करतो, नाईट दोन नको चार कर, संडे ऑफ मिळणार नाही वगैरे. यांनी म्हटलं तुमच्या सोयीने बघू. पगाराचंही तसंच, मी सांगितला तो आकडा मान्य.

मग फोन करत राहिले, की वॉर्डचं काम चालू आहे, ऑक्सिजन लाईन बाकी आहे, पुढच्या महिन्यात. मी जुन्या ठिकाणीच थांबले.

माझी एक मैत्रीण लॅब टेक्निशियन आहे, तिची लॅब त्या हॉस्पिटलची सॅम्पल उचलते. तिने एका रात्री मला फोटो पाठवला आणि लिहिलं, तू इथे कधी लागलीस ग, सांगितलंसुद्धा नाहीस. फोटो नर्सिंग स्टेशनवर लावलेल्या ड्युटी रोस्टरचा होता. त्यात माझं पूर्ण नाव, समोर रजिस्ट्रेशन नंबर, आणि सलग नाईट, नाईट, नाईट, ऑफ. मी घरी बसून तो फोटो बघतेय आणि त्याच घटकेला तिथे माझी नाईट चालू आहे. मैत्रिणीला म्हटलं बघ तरी तिथे कोण आहे, तर म्हणे दोन मुली आहेत, एकीने सांगितलं की ती बारावी झाल्यावर इथेच काम शिकली.

त्यांनी असं का केलं ते मला नंतर नीट समजलं. मध्यप्रदेशात प्रायव्हेट हॉस्पिटल चालवायचं तर 1973 च्या उपचर्यागृह कायद्याखाली सीएमएचओ ऑफिसातून लायसन्स घ्यावं लागतं, आणि त्यासाठी बेडच्या हिशोबाने रजिस्टर्ड नर्सेस दाखवाव्या लागतात. आता हिशोब करा, चोवीस तास एकच जागा भरलेली ठेवायची तर मॉर्निंग आठ ते दोन, ईव्हिनिंग दोन ते आठ, नाईट आठ ते आठ, त्यात वीकली ऑफ, नाईटनंतरचा ऑफ, कुणाची सुट्टी, कुणाचं आजारपण, म्हणजे एका जागेमागे निदान चार सिस्टर पगारावर पाहिजेत. एका वॉर्डात प्रत्येक शिफ्टला तिघी म्हटल्या की बारा झाल्या. एवढे पगार द्यायचे नसले की मग कागदावर रजिस्टर्ड सिस्टर आणि वॉर्डात कमी पैशातल्या न शिकलेल्या मुली. आणि कागद मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नोकरीची जागा आहे असं पसरवायचं, आम्ही आपल्या पायांनी चालत जाऊन पूर्ण फाईल देऊन येतो. आपल्याकडे नर्सिंग कॉलेजांच्या प्रकरणात काय झालं ते आठवा, तीच फॅकल्टी अनेक कॉलेजांत कागदावर दाखवलेली निघाली आणि हायकोर्टाला सीबीआय तपास लावावा लागला. तेच वॉर्डाच्या पातळीवर आहे हे.

मला राग नाव वापरल्याचा आहेच, पण झोप उडाली ती दुसऱ्या गोष्टीने. नाईटला जे औषध दिलं जातं त्याची सही ड्रग चार्टवर होते. रोस्टरवर मी आहे तर कागदोपत्री ते औषध कुणी दिलं? मी. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं, इन्सुलिनमध्ये 40 युनिटच्या व्हायलला 100 ची सिरिंज लावली तर डोस चुकतो, हे आम्हाला वर्षानुवर्षं डोक्यात भरवलेलं असतं, त्या बिचाऱ्या मुलीला कुणी सांगितलं असेल? पेशंटला काही झालं की चौकशी रोस्टर बघून होते. पेशंटचा जीव जाईल आणि रजिस्ट्रेशन माझं जाईल.

मी काय केलं ते क्रमाने लिहिते. पहिले तर जुन्या हॉस्पिटलच्या एचआरकडून त्याच महिन्याचा माझा बायोमेट्रिक अटेंडन्स सही-शिक्क्यासह मागून घेतला. हा कागद सगळ्यात कामाचा ठरला, कारण त्यातल्या काही रात्री मी खरोखर तिथे नाईटला होते आणि रोस्टरप्रमाणे इथेही होते. मग त्या हॉस्पिटलला स्पीड पोस्टने पत्र पाठवलं की मी इथे कधीही जॉईन झाले नाही, मला नेमणूकपत्र नाही, पगार नाही, माझी सहमती रद्द समजावी आणि माझे सगळे कागद परत करावे. त्याच पत्राची प्रत सीएमएचओ ऑफिसला आणि भोपाळला कौन्सिलला. सोबत दहा रुपये भरून आरटीआय लावला की या हॉस्पिटलने लायसन्ससाठी दिलेल्या नर्सिंग स्टाफच्या यादीतलं माझ्या नावाचं पान आणि माझ्या नावाने जोडलेले कागद द्या. उत्तर मिळालं तेव्हा त्यात माझं सहमतीपत्र होतं, तारीख टाकलेली, अक्षर माझं नाही, आणि एक जॉइनिंग रिपोर्ट होता ज्यावरची सहीसुद्धा माझी नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, मॅडम पैसे किती गेले? पैसे गेले नाहीत म्हटल्यावर ते अर्ज घ्यायलाच तयार नव्हते. माझा आतेभाऊ वकील आहे, त्याने तक्रार नव्याने लिहून दिली, की हा खोटा दस्तऐवज बनवण्याचा आणि तो खरा म्हणून वापरण्याचा प्रकार आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 336 आणि 340, आणि आरटीआयमधली दोन्ही पानं जोडली. तेव्हा पावती मिळाली. मंगळवारच्या जनसुनवाईत कलेक्टर ऑफिसला पण अर्ज दिलाय, 181 वर पण नोंद आहे. यादीतून माझं नाव निघालं असं पत्र आलंय, बाकी चौकशी चालू आहे.

आता अर्ज देताना मी रजिस्ट्रेशनच्या झेरॉक्सवर आडवं लिहिते, नंबर आणि शिक्का दोन्हीवरून रेघ जाईल असं, की फक्त अमुक हॉस्पिटलच्या स्टाफ नर्स पदाच्या अर्जासाठी, नेमणुकीचा पुरावा नाही, तारीख आणि सही. कोपऱ्यात लिहिलं तर कापून झेरॉक्स काढता येते, म्हणून मधूनच. नुकतीच एका ठिकाणी अशी कॉपी दिली, तिथल्या मेट्रन मॅडमनी बघितली आणि काही न बोलता फाईलला लावली, मग मला अर्धा तास वॉर्डात फिरवलं आणि नाईटवरून चांगलीच ओढाताण केली. ज्यांना स्वच्छ कॉपीच पाहिजे त्यांना सांगायचं, नेमणूकपत्र द्या, त्याच दिवशी देते. ओरिजिनल दाखवायचं आणि परत पर्समध्ये. सहमतीपत्रावर तारीख स्वतःच्या हाताने, आणि सही केलेल्या पानाचा तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो.

आणि ज्यांनी आधीच कुठे कुठे फाईल देऊन ठेवल्यात त्यांनी ईपीएफओच्या साईटवर आपल्या यूएएनची सर्व्हिस हिस्टरी उघडून बघा, न ओळखीच्या संस्थेचं नाव दिसलं तर तुम्ही तिथे कागदावर नोकरीला आहात. नाव नसलं म्हणजे सुटलात असं मात्र नाही, माझ्या बाबतीत पीएफमध्ये काहीच नव्हतं, सगळं फक्त लायसन्सच्या फाईलमध्ये होतं. शंका असेल त्या हॉस्पिटलसाठी आरटीआय लावा, मसुदा माझ्याकडे आहे, मागितलात तर पाठवते. त्या यादीत माझ्या खाली अजून नावं होती, ती पानं मला मिळाली नाहीत, पण त्या मुलीसुद्धा बहुतेक माझ्यासारख्याच फाईल देऊन आल्या असणार आणि अजून फोनची वाट बघत असतील.