कांद्याच्या एकराला ४०:२०:२० : सरळ खते, डीएपी की १०:२६:२६?

सोलापूर जिल्ह्यात रब्बी कांद्याच्या पुनर्लागवडीच्या दिवसांत खताच्या दुकानात एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो: "एकराला किती बॅग लागतील?" शिफारस मात्र बॅगांत येत नाही. कांद्यासाठी ती हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी असते. तेवढे अन्नद्रव्य युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि म्युरेट ऑफ पोटॅश या सरळ खतांतून द्यावे, डीएपी घेऊन उरलेले भरून काढावे की १०:२६:२६ वापरावे, हे ठरवण्याआधी तिन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडलेले बरे.

पहिली चूक बहुधा क्षेत्रात होते. शिफारस हेक्टरची असते आणि आपण बोलतो एकरात. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, म्हणून १०० : ५० : ५० ला अडीचने भागले की एकरी ४० : २० : २० मिळते. हा भागाकार राहून गेला, तर पुढचे सगळे गणित बरोबर करूनही खत अडीचपट पडते.

त्यानंतरची रीत सरळ आहे. हवे असलेले अन्नद्रव्य भागिले खतातील त्याचे टक्के, गुणिले शंभर. युरियात ४६ टक्के नत्र असते, सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद आणि पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. म्हणून ४० ÷ ४६ × १०० म्हणजे ८७ किलो युरिया, २० ÷ १६ × १०० म्हणजे १२५ किलो सुपर आणि २० ÷ ६० × १०० म्हणजे ३३ किलो पोटॅश. येथे प्रत्येक खत एकाच मुख्य अन्नद्रव्याचे असल्यामुळे तिन्ही भागाकार एकमेकांपासून स्वतंत्र राहतात आणि कोणता आधी करावा याला महत्त्व नसते. बॅगांचा हिशेब करताना एवढेच लक्षात ठेवावे की युरियाची बॅग आता ४५ किलोची असते आणि सुपर व पोटॅशची ५० किलोची. त्यामुळे ८७ किलो युरिया म्हणजे दोन बॅगांना थोडा कमी आणि सुपर नेमके अडीच बॅग.

डीएपी घेतल्यास क्रम महत्त्वाचा ठरतो. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद एकत्र असल्यामुळे आधी स्फुरदाचा हिशेब करावा लागतो. २० किलो स्फुरदासाठी ४३.५ किलो डीएपी लागते, त्यातून ७.८ किलो नत्र आपोआप येते, आणि उरलेल्या ३२.२ किलो नत्रासाठी ७० किलो युरिया पुरतो. युरियाचा हिशेब आधी करून वर डीएपी टाकणाऱ्याच्या शेतात हे सात-आठ किलो नत्र जास्तीचे जाते. १०:२६:२६ मध्येही हेच करायचे: ७७ किलो खतातून स्फुरद आणि पालाश दोन्ही २० किलो मिळतात, सोबत ७.७ किलो नत्र येते, म्हणून युरिया पुन्हा ७० किलो.

| एकरी (किलो) | सरळ खते | डीएपी | १०:२६:२६ |
|---|---|---|---|
| युरिया | ८७ | ७० | ७० |
| सुपर | १२५ | – | – |
| डीएपी | – | ४३.५ | – |
| १०:२६:२६ | – | – | ७७ |
| पोटॅश | ३३ | ३३ | – |
| एकूण वजन | २४५ | १४७ | १४७ |
| मिळणारे गंधक | सुमारे १४ | ० | ० |

वजन पाहिले तर डीएपी आणि १०:२६:२६ सोयीचे वाटतात, आणि वाहतूक व मजुरी मोजणाऱ्याला ती सोय खरीच आहे. पण कांद्यासाठी मी तक्त्याची शेवटची ओळ आधी वाचतो. सुपरमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असते आणि कांद्याचा तिखटपणा गंधकयुक्त घटकांमुळेच येतो, म्हणून या पिकाला ते वेगळे द्यावेच लागते. डीएपी घेणाऱ्याने तेवढ्याच गंधकासाठी ९० टक्क्यांचे बेंटोनाइट गंधक सुमारे १५ किलो हिशेबात धरले नाही, तर त्याची तुलना अपुरी राहते.

दुसरा फरक माती परीक्षणाचा अहवाल हातात आल्यावर दिसतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असते. समजा, मोहोळ भागातील एका एकराच्या अहवालानुसार पालाश २५ टक्के कमी द्यायचे आहे. म्हणजे २० ऐवजी १५ किलो. सरळ खतांत फक्त पोटॅशचा आकडा ३३ वरून २५ वर येतो आणि बाकी काहीच हलत नाही. डीएपीच्या हिशेबातही तसेच होते. १०:२६:२६ मध्ये मात्र स्फुरद आणि पालाश एकाच दाण्यात बांधलेले असल्यामुळे पालाश कमी केले की स्फुरदही कमी होते, आणि ती तूट भरायला पुन्हा सुपर आणावे लागते. अहवालाप्रमाणे खत द्यायचे असेल तर १०:२६:२६ माझ्या मते येथेच मागे पडते.

दराची तुलना बॅगेवरून न करता अन्नद्रव्याच्या किलोवरून करावी. युरियाची बॅग २६६.५० रुपयांना मिळते आणि तिच्यात २०.७ किलो नत्र असते, म्हणजे नत्र सुमारे १३ रुपये किलो पडते. डीएपीची बॅग १३५० रुपये धरली, तर तिच्यातील ९ किलो नत्राचे साधारण ११६ रुपये वजा करून उरलेले १२३४ रुपये २३ किलो स्फुरदाचे होतात, म्हणजे किलोला ५३ ते ५४ रुपये. सुपरच्या बॅगेत ८ किलो स्फुरद असते. त्यामुळे सुपरची बॅग सुमारे ४३० रुपयांच्या आत मिळत असेल, तर त्यातील स्फुरद डीएपीपेक्षा स्वस्त पडते आणि साडेपाच किलो गंधक वर मिळते. दुकानातील दर याहून जास्त असेल, तर त्या गंधकाची किंमत आणि जास्तीची मजुरी मांडून मगच ठरवावे.

हिशेब बरोबर आला का, हे उलट गुणाकाराने तपासता येते. अनेक ठिकाणी एकराला "दोन डीएपी, दोन युरिया" अशी सवय आहे. १०० किलो डीएपी आणि ९० किलो युरियातून ५९ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद पडते, पालाश शून्य. म्हणजे नत्र दीडपट आणि स्फुरद दुपटीहून अधिक. चुनखडीच्या जमिनीत आधीच कमी मिळणारे जस्त या जास्तीच्या स्फुरदामुळे आणखी अडते. जास्त आणि उशिरा दिलेल्या नत्राने कांद्याची मान जाड होते, आणि असा कांदा चाळीत टिकत नाही.

म्हणून नत्र विभागूनच द्यावे: २० किलो लागवडीला, उरलेले २० किलो ३० आणि ४५ दिवसांनी दोन समान हप्त्यांत, आणि साठ दिवसांनंतर अजिबात नाही. स्फुरद आणि पालाश सगळे लागवडीलाच. सरळ खतांत लागवडीचा युरिया ४३.५ किलो, तर डीएपी घेतल्यास नत्राचा काही भाग त्यातूनच येत असल्यामुळे तो फक्त साडेसव्वीस किलो. वरखताचा प्रत्येक हप्ता मात्र दोन्हीकडे सुमारे २२ किलोच राहतो.

सरळ खते निवडणाऱ्याने एक काळजी घ्यावी. युरिया आणि सुपर आदल्या रात्री मिसळून ठेवू नये. ताडपत्रीवर सकाळी कोरडे दिसणारे मिश्रण काही तासांत ओलसर होऊन हाताला चिकटू लागते, त्याचे गोळे बनतात आणि वाफ्यात एका जागी मूठभर तर दुसरीकडे काहीच नाही असे पडते. जेवढे वाफे तासाभरात होणार असतील, तेवढेच मिसळावे.