सल्लागारांच्या अहवालावरची दोन पानी टिपणी: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमची पतसंस्था 19 शाखांची आहे. गेल्या जूनमध्ये बाहेरच्या सल्लागारांनी कामकाजाचा अहवाल दिला. 128 पाने, 27 शिफारशी. आमचे मुख्य कार्यकारी अधिकारी तो चाळून मला म्हणाले, "मला दोन पानांत द्या. कुठलं काम किती मेहनतीचं आहे, त्या क्रमाने." जुलैत मी ती टिपणी दिली आणि तेव्हापासून दर सोमवारच्या बैठकीत तीच समोर असते.

आधी जे चांगले चालले ते सांगतो. पहिल्याच परिच्छेदात अहवालाचा गोषवारा न देता साहेबांकडून कोणते तीन निर्णय हवेत आणि कधीपर्यंत, एवढेच लिहिले होते. खालच्या तक्त्यात प्रत्येक शिफारस एका ओळीत आणि शेजारी अहवालातला पान क्रमांक. सल्लागारांचे म्हणणे एका रकान्यात आणि आमच्या कार्यालयाचे मत दुसऱ्या रकान्यात ठेवले. याचा उपयोग फार झाला. एका संचालकांनी "हे सल्लागार म्हणतात की तुम्ही?" असे विचारले, तेव्हा साहेबांनी फक्त रकान्यावर बोट ठेवले. साहेबांची प्रत आता घड्या पडून मऊ झाली आहे आणि समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. मूळ अहवाल कपाटातून दोनदाच बाहेर आला असेल.

मेहनत ठरवताना मी तीन गोष्टी पाहिल्या होत्या: सही कोणाची लागते, किती विभागांना हात लावावा लागतो आणि सॉफ्टवेअरमध्ये बदल आहे का. त्यावरून कमी, मध्यम, जास्त असे गट केले. इथेच पहिली चूक झाली.

सोनेतारण कर्जाची शाखा पातळीवरची मंजुरी 50 हजारांवरून 2 लाखांपर्यंत न्यावी, ही शिफारस मी "कमी" गटात तिसऱ्या क्रमांकावर ठेवली. एक परिपत्रक काढायचे, सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा बदलायची, झाले, असा माझा हिशोब. परिपत्रक निघाले आणि आठवड्यात फोन सुरू झाले. तारण दागिन्यांची तिजोरी दोन किल्ल्यांची असते. दोन्ही किल्ल्या एकाकडे देता येत नाहीत. 19 पैकी 6 शाखांत शाखाधिकारी सोडले तर दुसरी किल्ली सांभाळू शकेल असा एकच माणूस, तो रजेवर गेला की तिजोरी बंद. शिवाय मोठ्या रकमेचे दागिने तपासायला पॅनेलवरचा सराफ त्या गावात रोज येत नव्हता. दोन बदल्या आणि नवे सराफ नेमणे यात साडेतीन महिने गेले. मेहनत मी मुख्य कार्यालयाच्या टेबलावरून मोजली होती, काम मात्र शाखेच्या काउंटरवर व्हायचे होते. आता कोणतीही ओळ "कमी" गटात टाकण्यापूर्वी एका मोठ्या आणि एका छोट्या शाखेच्या अधिकाऱ्याला ती वाचून दाखवतो आणि एकच विचारतो, "उद्या हे सुरू केलं तर पहिल्यांदा काय अडेल?" दहा मिनिटांचा फोन असतो.

दुसरी चूक जास्त महागात पडली. कर्ज उपसमितीची रचना बदलण्याची शिफारस सगळ्यात शेवटी होती, कारण त्यासाठी उपविधी दुरुस्ती लागते. क्रम मेहनतीचा म्हटल्यावर तळाशी गेलेले काम शेवटीच हातात घेतले जाते. पण या कामात आमच्या हातची मेहनत फार नाही, वाट पाहणे जास्त आहे. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेची नोटीस आमच्या उपविधीप्रमाणे 14 दिवस आधी जाते आणि त्याआधी मसुदा संचालक मंडळात मंजूर हवा. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच मसुदा तयार पाहिजे होता. आम्ही तो ऑक्टोबरमध्ये उघडला. तोवर सभा होऊन गेली होती. सभेने मंजुरी दिल्यावरही निबंधकांकडे नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती लागू होत नाही. एक अख्खे वर्ष गेले. निव्वळ या एका विषयासाठी विशेष सभा बोलावण्याचा खर्च संचालकांना पटला नाही, आणि मलाही तो मागे लागून मागावासा वाटला नाही.

म्हणून फेब्रुवारीत तक्त्याला एक रकाना वाढवला: "केव्हा सुरू करायचे". क्रम मेहनतीचाच ठेवला, कारण साहेबांना तो सोयीचा आहे आणि पहिल्या तीन महिन्यांत आठ सोपी कामे मार्गी लागली ती त्यामुळेच. फक्त ज्या कामाची तारीख बाहेरचे कोणी ठरवते, त्या ओळीला जाड चौकट केली. अशा ओळी 27 पैकी चारच निघाल्या. तेवढ्या चार मला जुलैतच ओळखता आल्या असत्या. प्रत्येकीपुढे "शेवटची मंजुरी कोणाची?" एवढेच लिहायला हवे होते.

उपविधी दुरुस्तीचा मसुदा सध्या वकिलांकडे आहे. मेच्या संचालक मंडळाच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकावर घेतला आहे.