मंडळाच्या वेबसाइटवरचं वर्गणीचं पान: जून ते जानेवारीचा अनुभव

परळच्या आमच्या चाळीत चार इमारती आणि १४८ खोल्या आहेत. गणेशोत्सव मंडळाचा मी चार वर्षं खजिनदार आहे. जून २०२५ मध्ये मंडळाची वेबसाइट झाली. दुसऱ्या इमारतीतल्या एका मुलीने तयार साच्यावर ती बांधून दिली. पानं तीनच: कार्यक्रम, वर्गणी आणि कार्यकर्त्यांसाठी सूचना. आता आठ महिने होत आले आणि शेजारच्या दोन वाड्यांतून विचारणा झाली, म्हणून लिहितोय. सगळ्यात जास्त लिहीन ते वर्गणीबद्दल, कारण खरी परीक्षा त्याच पानाची झाली.

सुरुवातीला त्या पानावर एक क्यूआर कोड आणि त्याखाली 'वर्गणी इथे भरा' एवढंच होतं. पहिली अडचण दोन दिवसांत कळली. लोक वेबसाइट फोनवर बघतात, आणि ज्या फोनवर कोड दिसतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? तरुण मुलं कोडचा फोटो जतन करून पैसे भरायच्या ॲपमधून उघडायची. वयस्कर माणसं थांबायची, मुलगा घरी येईपर्यंत. मग आम्ही कोडखाली मंडळाचा यूपीआय आयडी साध्या अक्षरांत लिहिला आणि शेजारी 'कॉपी करा' बटण दिलं. थेट ॲप उघडणारी लिंकही करून पाहिली, पण काही ॲपमध्ये ती सुरक्षेचं कारण दाखवून अडायची. म्हणून लिंक ठेवली, पण आयडी तिच्या वर.

दुसरी अडचण जास्त खोल होती. चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत वेबसाइटवरून ६३ जणांचे पैसे खात्यात आले होते. त्यातल्या ४१ जणांच्या पावत्या मी फाडू शकलो. उरलेल्या २२ रकमा कोणाच्या, हे बँकेच्या नोंदीवरून कळेना. आमच्या वर्गणीच्या वहीत खोली अजून आजोबांच्या नावावर आहे, भाडेपावतीही त्यांचीच. राहते आजी. पैसे भरतो डोंबिवलीला गेलेला नातू, तेही बायकोच्या खात्यातून, आणि खातं तिच्या माहेरच्या नावाने. बँकेला फक्त तेच नाव माहीत.

तिसऱ्या इमारतीतल्या बारा नंबरच्या खोलीचं असंच झालं. ५०१ रुपये १९ ऑगस्टला जमा झाले होते. मला नाव ओळखता आलं नाही, म्हणून वहीत ती खोली 'बाकी' राहिली. चार दिवसांनी वर्गणीवाली पोरं त्या दारात परत गेली. संध्याकाळी आजी स्वतः मंडपात आल्या. "अरे, नातसुनेने केव्हाच भरले. पावती तर दिली नाहीस, आणि वर दारात माणसं पाठवतोस?" मी माफी मागितली, पावती तिथेच फाडली. ज्याने दिले त्याच्याकडे पुन्हा मागायला जाणं हा वर्गणीतला सगळ्यात मोठा अपराध. माझ्या हातून तो झाला याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या रात्री बसून आम्ही पान बदललं. क्यूआर कोडच्या आत खरं तर एक ओळ असते, आणि त्या ओळीत टीप लिहायला जागा असते:

```
upi://pay?pa=mandal@bank&pn=Mandal&cu=INR&tn=B3-12
```

`pa` म्हणजे आयडी (इथे नमुन्याचा दिलाय), `pn` म्हणजे नाव आणि `tn` म्हणजे टीप. रकमेसाठी `am` असतं, ते आम्ही मुद्दाम सोडलं, कारण वर्गणी किती द्यायची हे घर ठरवतं. आता पानावर आधी इमारत आणि खोली निवडायची, मग त्या खोलीचा कोड दिसतो, त्यात टीप आधीच भरलेली. टीप छोटी ठेवा. आम्ही पहिल्यांदा 'गणेशोत्सव वर्गणी इमारत ३ खोली १२' असं मराठीत घातलं होतं. बँकेच्या उताऱ्यात त्याची मोडतोड होऊन आली, आणि शेपटाकडची खोलीच कापली गेली. इंग्रजी अक्षर, आकडा आणि मधली रेघ एवढंच घातल्यावर बहुतेक नोंदींत ती नीट दिसू लागली.

बहुतेक म्हणतोय, सगळ्या नाही. आयडी हाताने टाकणाऱ्यांच्या नोंदीत टीप नसतेच. त्यांच्यासाठी पानावर खाली एक छोटा फॉर्म आहे: खोली, पावतीवर कोणाचं नाव हवं, रक्कम, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. हा क्रमांक भरणाऱ्याच्या ॲपमध्ये आणि आमच्या बँकेच्या उताऱ्यात एकच असतो, म्हणून जुळवणी त्याच्यावर करायची, नावावर नाही. स्क्रीनशॉटवर तर मुळीच नाही. स्क्रीनशॉट पैसे पाठवल्याचं दाखवतो, ते आपल्या खात्यात आले की नाही हे फक्त उतारा सांगतो.

इथे माझी एक चूक झाली, तुमची होऊ नये. उतारा आणि फॉर्म दोन्ही मी एक्सेलमध्ये उघडायचो. बारा आकडी क्रमांक तिथे `5.23E+11` असा दिसायला लागला आणि मी डोळ्यांनी जुळवत बसलो. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून मग क्रमांक आत घ्यायचा, म्हणजे पूर्ण दिसतो. रोज रात्री आरती आटोपली की दहा-पंधरा मिनिटांत हे काम होतं. आठवड्याचं साठवलं तर रविवार जातो.

पैसे दोनदा आल्याचा गोंधळही झाला. चौथ्या इमारतीतल्या एका काकांच्या ॲपमध्ये १००१ रुपये 'प्रलंबित' दिसत होते, म्हणून त्यांनी पुन्हा भरले. खात्यातून दोनदा वजा झाले, आमच्याकडे एकदाच आले. ते मला म्हणाले, दुसरे परत कर. आलेच नव्हते तर परत काय करणार? अशा वेळी घाईने आपल्या हाताने पैसे देऊ नका. एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्यात पोचलीच नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काकांचे पैसे दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. मी तेव्हाच हजार रुपये दिले असते तर जमाखर्चात खड्डा पडला असता आणि काकांनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

जुन्या कोडचं प्रकरण याहून गंभीर. २०२४ पर्यंत मंडळाचा कोड आधीच्या खजिनदारांच्या स्वतःच्या खात्याचा होता, कारण मंडळाच्या नावाचं खातं नव्हतं. त्या कोडचा फोटो चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर फिरत होता आणि कोणीतरी तो पुन्हा पुढे पाठवला. सात जणांचे पैसे तिकडे गेले. ते गृहस्थ सज्जन, त्यांनी स्वतः फोन करून सगळे मंडळाकडे वळते केले. पण हेच कोड एखाद्या भलत्या माणसाने मुद्दाम बदलले असते तर? आता वर्गणीच्या पानावर सगळ्यात वर ठळक ओळ आहे: 'पैसे भरण्याआधी स्क्रीनवर मंडळाचं नाव दिसेल. एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा आणि मंडपात येऊन विचारा.' माझ्या मते अख्ख्या वेबसाइटवरची सगळ्यात उपयोगी ओळ हीच.

त्याच पानावर धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीचा क्रमांकही आहे. आमचं मंडळ नोंदणीकृत न्यास नाही, म्हणून वर्गणी गोळा करायला दरवर्षी कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. ती हातात येईपर्यंत आम्ही पान बंदच ठेवलं. कोणीतरी हौसेने 'आयकरात सवलत' असंही लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं. ८०जी प्रमाणपत्र नसताना असं लिहिणं म्हणजे देणाऱ्याची फसवणूक.

देणगीदारांची यादी वेबसाइटवर नावानिशी टाकावी का, यावर कमिटीत बराच वाद झाला. मंडपातल्या फळ्यावर नाव लागलं की माणसाला बरं वाटतं, ते मलाही मान्य. पण फळा अकरा दिवसांत उतरतो. वेबसाइटवर नाव, खोली आणि रक्कम शेजारी-शेजारी कायमची राहते आणि कोणीही शोधू शकतो. शेवटी वेबसाइटवर फक्त पावती क्रमांक आणि रक्कम, नावं फळ्यावर, असं ठरलं. आपला क्रमांक यादीत दिसला की हिशेबात आलो हे प्रत्येकाला कळतं.

कार्यक्रमाचं पान बरं चाललं, एक गोष्ट सोडून. पहिलं वेळापत्रक रंगीत चित्र म्हणून टाकलं होतं. मुलांची चित्रकला स्पर्धा रविवारी, ३१ ऑगस्टला संध्याकाळी ठेवली, आणि तो तर गौरी आवाहनाचा दिवस. निम्म्या आया घरात अडकलेल्या. स्पर्धा सकाळी दहाला घेतली, पण जुनं चित्र फोनाफोनांत गेलं होतं, संध्याकाळी अकरा मुलं रंग घेऊन आली. त्यांना बसवून आम्ही दुसरी फेरी घेतली. आता वेळापत्रक साध्या अक्षरांत असतं आणि वर 'शेवटचा बदल' म्हणून तारीख-वेळ. ग्रुपवर चित्र नाही, फक्त लिंक जाते.

कार्यकर्त्यांच्या सूचनांपैकी रात्रीच्या राखणीचा तक्ता खरोखर कामाला आला. मंडपात चोवीस तास माणूस हवा, आणि बारा ते तीन, तीन ते सहा या पाळ्यांना कोणी नाही हे आदल्या दुपारीच लाल रंगात दिसायचं. आधी तिथे प्रत्येकाचा फोन नंबर होता. आठवडाभरात पोरांना कर्जवाल्यांचे फोन सुरू झाले, म्हणून नंबर काढले आणि नावापुढे फक्त इमारत ठेवली.

सप्टेंबरअखेर हिशेब तपासनिसांपुढे वही ठेवली तेव्हा २२ पैकी एकच रक्कम बिनमालकाची उरली होती, २५१ रुपयांची. टीप नाही, फॉर्म नाही, नाव कोणाच्या ओळखीचं नाही. मी तिची पावती 'नाव कळले नाही' अशी फाडली, जमाखर्चात वेगळ्या ओळीत दाखवली आणि सभेत वाचली. बँकेतलं नाव न टाकता तारीख, रक्कम आणि पावती क्रमांक वर्गणीच्या पानावर लावले. माघी गणपतीच्या आरतीला समोरच्या इमारतीत पूर्वी भाड्याने राहिलेला एक मुलगा आला, फोनमधला बारा आकडी क्रमांक दाखवला आणि म्हणाला, "दादा, ती माझी." त्याची पावती मी वहीला टाचणीने लावून ठेवली होती.