दाखला अडलाय: तक्रार नोंदवावी की मुदतीवर बोट ठेवून अपील करावं?

सरकारी कार्यालयात काम अडलं की महाराष्ट्रात साधारण दोन वाटा दिसतात. एक तक्रारीची: ऑनलाइन तक्रार निवारण किंवा लोकशाही दिन. दुसरी भिंतीवरच्या नागरिकांच्या सनदेची, म्हणजे कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार हा तक्ता. मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं असू शकतं.

सनदेबद्दल बहुतेकांचं मत वाईट आहे आणि त्याला कारणही आहे. २००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंधाच्या कायद्याने प्रत्येक कार्यालयाला सनद तयार करणं बंधनकारक केलं. कोणाही कर्मचाऱ्याने फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त स्वतःकडे ठेवू नये, असंही त्यात आहे. पण उशीर झालाच तर कारवाई करायची ती वरिष्ठाने. अर्जदाराने तक्त्याकडे बघून उसासा टाकायचा, एवढंच त्याच्या हातात होतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने इथे फरक पडला. अधिसूचित सेवेची, म्हणजे या कायद्याखाली मुदतीसह जाहीर केलेल्या सेवेची, मुदत उलटली की अर्जदार स्वतः अपील करू शकतो, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण हा दंड कार्यालयाला नसून माणसाला होतो, आणि ते त्या माणसाला चांगलं ठाऊक असतं.

तक्रारीच्या बाजूने बोलायचं तर तिथे शिरणं फार सोपं. grievances.maharashtra.gov.in वर विभाग निवडा, हकिकत लिहा, कागद जोडा, टोकन घ्या. २१ दिवसांत निपटारा व्हावा अशी अपेक्षा. कोणती सेवा, कुठलं कलम, पदनिर्देशित अधिकारी कोण, यातलं काही माहीत असण्याची गरज नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ही मोठीच सोय आहे.

मला खटकलं ते पुढचं. घरपट्टीच्या उताऱ्यावर वारसाने नाव लावायचं होतं आणि कार्यालय काही केल्या हलत नव्हतं, म्हणून मी तक्रार केली. ती वरून खाली, खालून आणखी खाली जात शेवटी पोचली ज्या टेबलावर माझा अर्ज पडून होता त्याच टेबलावर. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडूनच खुलासा. उत्तर आलं, ‘प्रकरणी नियमानुसार कार्यवाही सुरू असून अर्जदारास अवगत करण्यात येत आहे.’ आणि तक्रार निकाली! उताऱ्यावर नाव जुनंच. कागदोपत्री मात्र माझ्या तक्रारीचं वेळेत निवारण झालेलं. उशिराचा मला इतका राग आला नव्हता जितका त्या ‘निकाली’ शब्दाचा आला. कारण उशीर निदान उशीर म्हणून नोंदलेला असतो. हा तर नोंदीतूनच पुसला गेला. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. एका ओळखीच्यांची बंद पथदिव्यांची तक्रार चटकन मार्गी लागलेली मी पाहिली आहे. पण यंत्रणा मोजते ते उत्तर दिलं की नाही हे. काम झालं की नाही हे नव्हे, असं माझं मत झालं ते तेव्हापासून.

अपिलात ही पळवाट अरुंद होते, कारण तिथे हकिकत सांगायचीच नसते. उत्पन्नाचा दाखला घ्या. मुदत १५ दिवस. समजा अर्ज २ जूनला दिला आणि अर्ज क्रमांकाची पोच आहे. सुट्ट्यांचे चार दिवस सोडून दिले तरी जूनअखेर दाखला हातात नसेल तर उशीर सिद्ध करायला वेगळा पुरावा लागत नाही. पोचेची तारीख आणि आजची तारीख, एवढंच प्रकरण. पहिलं अपील जातं तहसीलदाराच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, सहसा उपविभागीय अधिकाऱ्याकडे. ते ३० दिवसांच्या आत करायचं असतं आणि त्यावरचा निर्णयही ३० दिवसांत अपेक्षित असतो. तिथेही काही झालं नाही तर दुसरं अपील, आणि त्यापुढे राज्य लोकसेवा हक्क आयोग. आयोगापर्यंत जायची वेळ माझ्यावर आली नाही. माझ्या नाव लावण्याच्या कामात पहिल्या अपिलाची प्रत कार्यालयात पोचली आणि सुनावणीच्या आधीच ‘तुमचं झालंय, घेऊन जा’ असा फोन आला. एका अनुभवावरून नियम काढू नये हे खरं; पण तेच टेबल, तोच अर्ज, फक्त वाट वेगळी होती.

आता यातली अडचण. मुदत मोजली जाते ती अर्ज सर्व कागदांसह पूर्ण मिळाल्यापासून. म्हणून मुरलेलं कार्यालय मुदत मोडत नाही, अर्जात त्रुटी काढतं. आधी रेशनकार्डाची झेरॉक्स पुसट, मग स्वयंघोषणापत्रावर सही राहिली, आणि प्रत्येक वेळी मोजणी पहिल्यापासून. हे होतंय हे ओळखायची खूण सोपी आहे: त्रुटी तोंडी सांगितली जाते आणि एका वेळी एकच सांगितली जाते. यावर एकच उपाय मला लागू पडला. सनदेतली कागदांची यादी अर्जाला जोडायची, प्रत्येक कागदापुढे खूण करायची, त्या पानावरही पोचेचा शिक्का घ्यायचा, आणि त्रुटी असेल तर लेखी द्या म्हणायचं. लेखी मागितलं की पुष्कळ त्रुटी आपोआप मिटतात. नकार द्यायचा असेल तर त्याचीही कारणं लेखी द्यावी लागतात, आणि त्या नकारावरही अपील चालतं.

दुसरी मर्यादा म्हणजे ही वाट अधिसूचित सेवांपुरतीच आहे. खड्डा, कचरा, कर्मचाऱ्याची अरेरावी, दोन खात्यांनी एकमेकांकडे ढकललेलं काम, यांना मुदतच नाही, मग अपील कशाचं करणार? तिथे तक्रारच करावी लागते. आणि प्रकरण दोन खात्यांतलं असेल तर मी ऑनलाइनपेक्षा लोकशाही दिन पसंत करीन. जिल्ह्याच्या ठिकाणी तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर दोन्ही खात्यांचे लोक बसलेले असतात. अर्ज आधी द्यावा लागतो, आणि न्यायप्रविष्ट प्रकरणं घेत नाहीत.

एक गोंधळ टाळा. सेवांसाठीचं आणि तक्रारींसाठीचं अशी दोन्ही संकेतस्थळं ‘आपले सरकार’ याच नावाने ओळखली जातात. दाखला रखडला म्हणून लोक सवयीने तक्रारीच्या संकेतस्थळावर जातात, तिथे टोकन मिळतं, बरं वाटतं, आणि उत्तराची वाट बघण्यात अपिलाचे ३० दिवस निघून जातात. योग्य कारण दिलं तर उशिराचं अपील घेण्याची सोय आहे, पण ९० दिवसांपलीकडे नाही. त्यामुळे सेवा अधिसूचित असेल तर मी तरी अपील आधी करीन. तक्रार हवीच असेल तर ती अपिलाचा क्रमांक टाकून नंतरही करता येते.