उन्हाळी पोहण्याचे वर्ग : सहा वर्षांच्या मुलीसाठी कोणती बॅच निवडावी?

एप्रिल-मेच्या सुट्टीतील पोहण्याच्या वर्गांच्या दोन जाहिराती समोर आहेत, असे समजू. पहिली सार्वजनिक मोठ्या तलावावरील बॅचची आहे. तिथे 5 ते 8 आणि 9 ते 14 असे दोन वयोगट आहेत, लहान गटात तीस मुले व तीन प्रशिक्षक आहेत आणि तलावाची उथळ बाजू चार फुटांची आहे. दुसरी निवासी संकुलातील लहान तलावाची आहे. तिचे शुल्क दुप्पट आहे, परंतु बारा मुलांमागे दोन प्रशिक्षक असून उथळ बाजू अडीच फुटांची आहे.

जाहिरातीत वय ठळक अक्षरांत असते, पण पाण्यात महत्त्व उंचीला असते. सहा वर्षांच्या मुलीची उंची साधारण पावणेचार फूट धरली, तर चार फूट पाण्यात उभे राहिल्यावर तिचे संपूर्ण डोके पाण्याखाली जाते. अशी मुलगी पूर्ण वेळ काठाच्या नळीला घट्ट धरून राहते आणि भीतीमुळे शरीर सैल सोडायला शिकत नाही. अडीच फुटांत ती पाय टेकवून उभी राहू शकते, म्हणून पाण्यात तोंड घालून श्वास सोडण्याचा सराव ती निर्धास्तपणे करते.

शिकवण्याच्या वेळेचा हिशेबही मांडून पाहावा. पंचेचाळीस मिनिटांच्या वर्गात एका प्रशिक्षकाकडे दहा मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेचार मिनिटे येतात, आणि सहा असतील तर साडेसात.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मोठा तलाव सरस ठरू शकतो, जर तिथे काठावर स्वतंत्र जीवरक्षक नेमलेला असेल, आणि हे थेट पाहता येते. एका मुलाला हातावर धरून शिकवणारा प्रशिक्षक इतरांवर अखंड नजर ठेवू शकत नाही, आणि बुडणारे लहान मूल बहुधा ओरडत नाही. लहान तलावावर असा जीवरक्षक नसेल, तर अडीच फूट पाण्याचाही भरवसा धरू नये. दंडाला बांधायच्या फुग्यांवर विसंबून मुलांना मोकळे सोडणारा वर्ग तर मी सरळ नाकारेन.

दोन्ही ठिकाणी पहिला वर्ग चाचणीचा आहे. त्या दिवशी आधी तलावाचा तळ स्पष्ट दिसतो का, ते पाहावे. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास स्वच्छतेची खूण नसून क्लोरीनचा घाम व लघवीशी संयोग झाल्याचे लक्षण असते. मग प्रशिक्षक मुलीला पाण्यात ढकलतो, की पायरीवर बसवून पाण्यात बुडबुडे काढायला लावतो, हे पाहावे. ती कुडकुडू लागली किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर कोणी सांगण्याची वाट न पाहता त्याने तिला बाहेर काढले पाहिजे.

माझा कौल या मुलीसाठी दुसऱ्या बॅचला आहे, मात्र तिथे स्वतंत्र जीवरक्षक असला तरच. तिचा दहा वर्षांचा, पाण्यात तरंगता येणारा भाऊ असेल, तर त्याला पहिलीच बॅच अधिक उपयोगी पडेल, कारण लांब अंतर सलग पोहण्याचा सराव लहान तलावात होत नाही.